आधी बोनस, मग स्प्लिट: शेअरची संख्या आणि सरासरी खरेदी किंमत नेमकी कशी जुळवायची

एखाद्या कंपनीने आधी बोनस दिला, काही महिन्यांनी शेअर स्प्लिट केला आणि मधल्या काळात तुम्ही थोडे शेअर वाढवले, की तुमच्या वहीतला आकडा, ब्रोकरच्या ॲपवरचा आकडा आणि करासाठी लागणारा आकडा असे तीन वेगळे आकडे समोर येतात. हिशेब अवघड नाही. पण तो कोणत्या क्रमाने करायचा आणि कशाला हात लावायचा नाही, हे पक्कं नसेल तर चूक लगेच दिसत नाही. ती दिसते दोन-तीन वर्षांनी, शेअर विकून विवरणपत्र भरायला बसल्यावर.

या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. कंपनी काल्पनिक आहे, नियम मात्र भारतातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे आणि आपल्या आयकराचेच आहेत.

दोन गुणोत्तरं, वाचायची रीत वेगळी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडं थांबून पाहू.

बोनसचं गुणोत्तर सांगतं की हातातल्या किती शेअरवर किती *नवे* शेअर मिळणार. १:२ बोनस म्हणजे दोन शेअरवर एक नवा. जुने दोन जागेवरच असतात, त्यात एकाची भर पडते आणि दोनाचे तीन होतात. म्हणजे संख्या दीडपट. १:१ बोनसमध्ये संख्या दुप्पट होते आणि ४:१ बोनसमध्ये पाचपट. नवे अधिक जुने, भागिले जुने, असा हा गुणक निघतो.

स्प्लिटमध्ये नवं काही मिळत नाही. तुमच्याकडचा शेअरच लहान तुकड्यांत विभागला जातो. १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर २ रुपयांचा झाला, तर एकाचे पाच झाले. इथे गुणक म्हणजे जुनी दर्शनी किंमत भागिले नवी दर्शनी किंमत, म्हणजे ५. बातम्यांमध्ये हाच स्प्लिट कुणी १:५ लिहितं, कुणी ५:१. त्यामुळे स्प्लिटच्या बाबतीत गुणोत्तराकडे न बघता दर्शनी किमतीकडे बघावं. कंपनीने एक्सचेंजला दिलेल्या घोषणेत ‘१० रुपयांचा एक शेअर २ रुपयांच्या पाच शेअरमध्ये’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. त्या वाक्यात गोंधळाला जागा नाही.

५:१ बोनस आणि ५:१ स्प्लिट दिसायला सारखे वाटतात, पण बोनसमध्ये एकाचे सहा होतात आणि स्प्लिटमध्ये पाच. हा फरक ध्यानात ठेवला तरी निम्मं काम झालं.

जे बदलत नाही, ते आधी धरून ठेवा

बोनस असो वा स्प्लिट, तुमच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. म्हणून त्या शेअरमध्ये घातलेली एकूण रक्कम दोन्ही घटनांनंतर तीच राहते. बदलते फक्त संख्या, आणि संख्या बदलली म्हणून सरासरी बदलते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की वहीत सरासरी किंमत लिहून ठेवू नये. दोन गोष्टी लिहाव्यात: शेअर किती आणि त्यांना एकूण रुपये किती लागले. सरासरी पाहिजे तेव्हा भागाकार करून काढावी. जे लोक सरासरीच लिहून ठेवतात आणि प्रत्येक घटनेला तिला भागत जातात, त्यांच्या आकड्यात दर वेळी थोडे पैसे गळतात. ते कसे, हे पुढे उदाहरणात दिसेलच.

उदाहरण: सुरुवातीची स्थिती

समजा तुम्ही एका कंपनीचे शेअर दोन वेळा घेतलेत. १० जून २०२१ रोजी ४५ शेअर, प्रत्येकी ६२० रुपयांना, म्हणजे २७,९०० रुपये. मग ८ ऑगस्ट २०२३ रोजी ३० शेअर, प्रत्येकी ९०० रुपयांना, म्हणजे २७,००० रुपये.

एकूण ७५ शेअर, एकूण खर्च ५४,९०० रुपये, सरासरी ७३२ रुपये.

खरेदीचा आकडा कॉन्ट्रॅक्ट नोटवरून घ्यावा, आठवणीवरून किंवा चार्टवरून नाही. खरेदीची दलाली खर्चात धरता येते, पण सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स म्हणजे एसटीटी भांडवली नफ्याच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही. आकडे सोपे राहावेत म्हणून वरच्या किमतींमध्ये दलाली धरलेलीच आहे असं समजू.

पहिली पायरी: बोनस

कंपनीने १:२ बोनस जाहीर केला. रेकॉर्ड डेट २२ नोव्हेंबर २०२४. आता शेअरचे व्यवहार दुसऱ्याच दिवशी पूर्ण होत असल्याने एक्स डेट आणि रेकॉर्ड डेट सहसा एकाच दिवशी असतात. म्हणून बोनस हवा असेल तर खरेदी त्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत झालेली पाहिजे. २२ तारखेला घेतलेल्या शेअरवर बोनस मिळणार नाही.

७५ शेअरवर १:२ प्रमाणे साडेसदतीस शेअर होतात. अर्धा शेअर डीमॅटमध्ये जमा होत नाही. तुम्हाला ३७ शेअर मिळतात. सगळ्या भागधारकांचे असे अपूर्णांक एकत्र करून कंपनीने नेमलेला विश्वस्त ते बाजारात विकतो आणि तुमच्या वाट्याचे पैसे नंतर बँक खात्यात येतात. समजा ३४० रुपये आले.

या ३४० रुपयांचं काय करायचं? अनेकजण ते ५४,९०० मधून वजा करून टाकतात. तसं करू नये. हा त्या अर्ध्या बोनस शेअरच्या विक्रीचा पैसा आहे. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य असते, म्हणून पूर्ण रक्कम नफा धरून वेगळ्या ओळीत लिहावी. मूळ ७५ शेअरचा खर्च होता तिथेच राहतो.

आता संख्या ७५ अधिक ३७, म्हणजे ११२. खर्च ५४,९००. सरासरी ४९० रुपये १८ पैसे.

गळती कुठे होते ती पहा. ७३२ ला सरळ दीडने भागलं तर ४८८ येतात. ४८८ गुणिले ११२ केलं तर ५४,६५६ रुपये होतात. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात घातलेले २४४ रुपये हिशेबातून नाहीसे झाले. कारण दीड हा गुणक साडेसदतीस शेअर मिळाले असं गृहीत धरतो. अपूर्णांक आला की सरासरीला भागणं चुकतं, एकूण खर्चाला खऱ्या संख्येने भागणं मात्र कधीच चुकत नाही.

बोनसची स्वतंत्र ओळ

वरची ४९० ची सरासरी तुमच्या माहितीसाठी ठीक आहे. शेअर कितीला पडला, आत्ताच्या भावाला आपण नफ्यात आहोत की तोट्यात, हे तिच्यावरून कळतं. करासाठी मात्र ती कामाची नाही.

आयकराच्या दृष्टीने बोनस शेअर ही एक नवी, वेगळी खरेदी आहे. तिची किंमत शून्य आणि तारीख वाटपाची, म्हणजे अलॉटमेंटची. जुन्या ४५ शेअरची किंमत ६२० च राहते आणि ३० शेअरची ९०० च. बोनसमुळे त्यांचा खर्च पातळ होत नाही.

म्हणून वहीत तिसरी ओळ उघडायची: २५ नोव्हेंबर २०२४, बोनस, ३७ शेअर, खर्च शून्य. सेबीच्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार रेकॉर्ड डेटच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी वाटप झाल्याचं मानलं जातं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर विकता येतात. २२ तारीख शुक्रवार होती, म्हणून सोमवारची २५ तारीख. त्याआधीच्या बोनसमध्ये हे अंतर जास्त असायचं. जुना बोनस नोंदवत असाल तर अंदाजाने तारीख टाकू नका, डीमॅट स्टेटमेंटमध्ये आणि कंपनीच्या घोषणेत पाहा.

हे ३७ शेअर ४५ च्या वाट्याला किती आणि ३० च्या वाट्याला किती, असं वाटून टाकायची गरज नाही. बोनस एकूण धारणेवर मिळतो आणि त्याची ओळ एकच असते.

एक अपवाद इथेच सांगतो, कारण तो शून्य किमतीच्या नियमालाच वळसा घालतो. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत शेअर घेतले, बोनस मिळवला, आणि नंतरच्या नऊ महिन्यांत मूळ शेअर तोट्यात विकून बोनस शेअर हातात ठेवले, तर तो तोटा वजावटीला मिळत नाही. तोट्याची ती रक्कम हातात उरलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत मानली जाते. आपल्या उदाहरणातल्या दोन्ही खरेद्या बोनसच्या खूप आधीच्या आहेत, म्हणून हा मुद्दा इथे लागू होत नाही. पण बोनसची बातमी वाचून शेअर घेतले असतील तर तारखा तपासाच.

दुसरी पायरी: मधली खरेदी

बोनसनंतर भाव खाली आलेला दिसला आणि १४ जानेवारी २०२५ रोजी तुम्ही आणखी २० शेअर ६९० रुपयांना घेतले. खर्च १३,८०० रुपये.

या २० शेअरना बोनस मिळालेला नाही. ते बोनसनंतरच्या भावाने घेतलेले आहेत, म्हणून त्यांना बोनसचा गुणक लावायचा नाही. पुढे येणारा स्प्लिट मात्र यांनाही लागू होईल. क्रम महत्त्वाचा आहे तो याचसाठी. कुठल्या ओळीला कोणती घटना लागू पडते हे फक्त तारखेवरून ठरतं. खरेदी घटनेच्या आधीची असेल तर लागू, नंतरची असेल तर नाही.

वहीत आता चार ओळी आहेत. संख्या ११२ अधिक २०, म्हणजे १३२. खर्च ५४,९०० अधिक १३,८००, म्हणजे ६८,७०० रुपये. सरासरी ५२० रुपये ४५ पैसे.

मधल्या काळात विक्री झाली असती तरी रीत हीच. विक्रीच्या दिवशी जी संख्या आणि जो खर्च वहीत होता, त्यातून ते शेअर कमी करायचे आणि उरलेल्यांवरच पुढची घटना लावायची. फेब्रुवारीत विकलेल्या शेअरना मार्चमधल्या स्प्लिटचा गुणक लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या वहीत कधी अस्तित्वातच नसलेले शेअर शिल्लक दिसतात.

तिसरी पायरी: स्प्लिट

२१ मार्च २०२५ च्या रेकॉर्ड डेटने १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा झाला. गुणक ५.

इथलं काम बोनसपेक्षा सोपं आहे. नवी ओळ उघडायची नाही. असलेल्या *प्रत्येक* ओळीत संख्येला ५ ने गुणायचं, त्या ओळीचा एकूण खर्च आणि तारीख यांना हात लावायचा नाही. प्रति शेअर किंमत आपोआप पाचवा भाग होते.

जून २०२१ चे ४५ शेअर २२५ झाले, खर्च २७,९००, प्रति शेअर १२४ रुपये.
ऑगस्ट २०२३ चे ३० शेअर १५० झाले, खर्च २७,०००, प्रति शेअर १८० रुपये.
नोव्हेंबर २०२४ चे बोनसचे ३७ शेअर १८५ झाले, खर्च शून्यच.
जानेवारी २०२५ चे २० शेअर १०० झाले, खर्च १३,८००, प्रति शेअर १३८ रुपये.

एकूण ६६० शेअर, एकूण खर्च ६८,७००, सरासरी १०४ रुपये ९ पैसे.

तारीख न बदलणं हे स्प्लिटमध्ये फार महत्त्वाचं आहे. स्प्लिटनंतर शेअरचा आयएसआयएन क्रमांक बदलतो. डीमॅट स्टेटमेंटमध्ये जुन्या क्रमांकाचे १३२ शेअर वजा झालेले आणि नव्या क्रमांकाचे ६६० जमा झालेले दिसतात. ते पाहून हे मार्च २०२५ ला आलेले नवे शेअर आहेत असं वाटणं साहजिक आहे, काही सॉफ्टवेअरलाही तसंच वाटतं. पण करासाठी स्प्लिटच्या शेअरचं वय मूळ खरेदीपासूनच मोजतात. २२५ शेअर हे २०२१ चेच आहेत. बोनसचे १८५ शेअरही स्प्लिटमुळे नवे होत नाहीत, त्यांची तारीख २५ नोव्हेंबर २०२४ हीच.

दोन्ही घटना एकत्र करून ‘दीड गुणिले पाच म्हणजे साडेसात’ असा एकच गुणक सगळ्या ९५ खरेदी शेअरना लावला असता तर ७१२.५ शेअर निघाले असते. डीमॅटमध्ये मात्र ६६० च आहेत. तुमचा आकडा डीमॅटपेक्षा जास्त येत असेल तर पहिला संशय यावरच घ्यावा: बोनसनंतर घेतलेल्या शेअरना बोनस लावला गेला आहे.

दोन्हींची रेकॉर्ड डेट एकच असेल तर मधल्या खरेदीचा प्रश्नच येत नाही आणि एकत्र गुणक चालतो. बजाज फायनान्सने २०२५ मध्ये असंच केलं. १६ जून २०२५ या एकाच रेकॉर्ड डेटला दर्शनी किंमत २ रुपयांवरून १ रुपया झाली आणि ४:१ बोनसही मिळाला. एकाचे दोन, दोनाचे दहा. तिथेही ओळी दोनच धरायच्या: एका जुन्या शेअरमागे दोन शेअर मूळ खर्चाचे आणि मूळ तारखेचे, आठ शेअर बोनसचे शून्य किमतीचे. बोनस आधी धरा किंवा स्प्लिट आधी धरा, ही दोन आणि आठची विभागणी तीच येते.

स्प्रेडशीटमध्ये मांडताना

रकाने एवढेच पुरेत: A मध्ये तारीख, B मध्ये खरेदी की बोनस, C मध्ये स्प्लिटआधीची संख्या, D मध्ये त्या ओळीचा एकूण खर्च. H1 मध्ये स्प्लिटचा गुणक ५ लिहा. दुसऱ्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत वरच्या चार नोंदी असतील तर सूत्रं अशी:

```
F2:  =C2*$H$1
G2:  =D2/F2
F6:  =SUM(F2:F5)
D6:  =SUM(D2:D5)
G6:  =D6/F6
```

F मध्ये नवी संख्या, G मध्ये ओळीची प्रति शेअर किंमत, G6 मध्ये एकूण सरासरी. बोनसची संख्या काढायला `=INT(75*1/2)` वापरा, म्हणजे अपूर्णांक आपोआप गळून ३७ येतील. G मधले आकडे गोल करून पुढच्या हिशेबात वापरू नका. गोल करायचं ते फक्त दाखवताना.

मग दोन ताळे घ्या. F6 डीमॅट स्टेटमेंटशी जुळला पाहिजे. D6 तुमच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोटांच्या बेरजेशी जुळला पाहिजे, अर्थात काही विकलं नसेल तर. हे दोन जुळले की सरासरी चुकणं शक्यच नाही.

विक्रीच्या दिवशी कोणती किंमत

१० ऑक्टोबर २०२५ रोजी तुम्ही ३०० शेअर १६० रुपयांना विकले. हाती ४८,००० रुपये आले. नफा किती?

सरासरी धरली तर ३०० शेअरचा खर्च ३१,२२७ रुपये आणि नफा १६,७७३ रुपये. हा आकडा विवरणपत्रात टाकला तर चूक होईल. डीमॅटमधल्या शेअरना आयकरात जो आधी आला तो आधी गेला हा नियम लागतो. तोही प्रत्येक डीमॅट खात्यापुरता वेगळा. म्हणून आधी २०२१ चे सगळे २२५ शेअर गेले, त्यांचा खर्च २७,९००. उरलेले ७५ शेअर २०२३ च्या ओळीतून गेले, १८० रुपयांप्रमाणे १३,५००. एकूण खर्च ४१,४००, नफा ६,६०० रुपये, सगळा दीर्घ मुदतीचा, कारण दोन्ही ओळी बारा महिन्यांपेक्षा जुन्या आहेत.

दोन आकड्यांत दहा हजारांहून जास्त फरक आहे. हे पैसे कुठे जात नाहीत. तो नफा शून्य किमतीच्या बोनस ओळीत दडलेला असतो आणि ते शेअर विकाल तेव्हा बाहेर येतो. पण कोणत्या वर्षी आणि कोणत्या दराने कर बसेल, हे त्यामुळे बदलतं.

तेच पाहण्यासाठी समजा त्या दिवशी तुम्ही ३०० ऐवजी ४०० विकले असते. मग २२५ आणि १५० संपून वरचे २५ शेअर बोनसच्या ओळीतून गेले असते. त्यांचा खर्च शून्य, म्हणून २५ गुणिले १६०, म्हणजे ४,००० रुपये पूर्णच्या पूर्ण नफा. आणि २५ नोव्हेंबर २०२४ पासून १० ऑक्टोबर २०२५ पर्यंत बारा महिने झालेले नाहीत, म्हणून तो अल्प मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर २० टक्के दर आहे, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंत कर नाही आणि त्यापुढे १२.५ टक्के. ‘शेअर तर २०२१ पासून आहेत’ असं म्हणून हे २५ शेअर दीर्घ मुदतीत टाकणं ही बोनसनंतरची सर्वांत नेहमीची चूक आहे. नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबून ते २५ विकले असते तर तोच नफा दीर्घ मुदतीचा ठरला असता.

३०० विकल्यावर हातात ३६० शेअर उरतात: ७५ शेअर १३,५०० चे, १८५ शून्याचे, १०० शेअर १३,८०० चे. एकूण खर्च २७,३००, सरासरी ७५ रुपये ८३ पैसे. ॲपवरची सरासरी १०४ वरून एकदम ७५ वर आली म्हणून घाबरू नका. तुमचं ॲप आधी आलेले शेअर आधी वजा करत असेल तर असंच दिसणार आणि ते बरोबर आहे.

२०१८ च्या आधीची खरेदी असेल तर

३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरना त्या दिवसाच्या बाजारभावाचा आधार मिळतो. खरेदी किंमत म्हणून प्रत्यक्ष खर्च आणि त्या दिवसाचा सर्वोच्च भाव यांपैकी जो जास्त तो धरतात, मात्र तो भाव विक्री किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. स्प्लिट त्यानंतर झाला असेल तर तो जुना भावही स्प्लिटच्या गुणकाने भागावा लागतो. बोनसच्या गुणकाने मात्र नाही. त्या दिवशीचा भाव ९०० असेल आणि नंतर आपल्या उदाहरणासारखा १:२ बोनस आणि पाचाचा स्प्लिट झाला असेल, तर मूळ शेअरसाठी १८० धरायचे. ९०० ला साडेसाताने भागून १२० धरले तर तुम्ही स्वतःच आपला खर्च कमी करून जास्त कर भरता.

बोनस शेअर ३१ जानेवारी २०१८ पर्यंत मिळालेले असतील तर त्यांनाही हा भाव लागू होतो, म्हणजे त्यांची किंमत शून्य धरून कर भरायची गरज नाही. त्यानंतर मिळालेल्या बोनसला ही सवलत नाही.

ॲपवरचा आकडा चुकलेला दिसला तर

आधी तारीख पाहा. एक्स डेटच्या सकाळी भाव खाली येतो, पण नवे शेअर खात्यात दिसायला एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ ॲप मोठा तोटा दाखवतं. तो खरा नसतो. त्या दिवसांत काहीही हाताने दुरुस्त करू नका. नाहीतर तुम्ही केलेली दुरुस्ती आणि ॲपने नंतर केलेली दुरुस्ती अशा दोन्ही लागतात आणि किंमत पाच ऐवजी पंचवीसने भागली जाते. आपल्या उदाहरणात २०२१ च्या शेअरची किंमत १२४ ऐवजी २४ रुपये ८० पैसे दिसू लागली तर नेमकं हेच घडलेलं आहे.

दुसरी अडचण खातं बदलल्यावर येते. शेअर एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे हलवले की नव्या ब्रोकरकडे फक्त संख्या जाते, किंमत आणि तारीख तुम्हाला भरावी लागते. ॲप जेव्हा आजची संख्या मागतं तेव्हा किंमतही स्प्लिटनंतरचीच भरायची: २२५ शेअर, १२४ रुपये, १० जून २०२१. बोनसची ओळ शून्य किमतीने स्वतंत्र भरायची. एखादं ॲप शून्य स्वीकारत नसेल तर तिथे एक पैसा टाका आणि तशी टीप आपल्या वहीत करून ठेवा, पण सरासरी टाकून चारही ओळी एकत्र करू नका.

तिसरी गोष्ट चार्टची. जुन्या तारखेचा भाव चार्टवर बघाल तर तो बोनस आणि स्प्लिट दोन्हींसाठी मागे समायोजित केलेला असतो. जून २०२१ चा ६२० चा भाव आज चार्टवर ८२ रुपये ६७ पैसे असा दिसेल. कॉन्ट्रॅक्ट नोट हरवली म्हणून कुणी चार्टवरून ८२.६७ घेतो आणि २२५ शेअरना लावतो. खर्च १८,६०० निघतो, खरा खर्च होता २७,९००. फरकाचे ९,३०० रुपये नफा म्हणून दिसतात आणि त्यावर कारण नसताना कर बसतो. कॉन्ट्रॅक्ट नोट नसेल तर त्या दिवसाची मूळ भावनोंद एक्सचेंजच्या भावकॉपीत, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलमध्ये मिळते, आणि जुन्या ब्रोकरकडून त्या वर्षाचं खातेउताऱ्याचं लेजर मागता येतं. बँकेतून त्या तारखेला गेलेली रक्कम त्याच्याशी जुळते का, हे पाहून मगच ती ओळ पक्की करा.